गेलेलं युजरनेम परत मिळतं का?

मे 2014 मध्ये सत्तांतराच्या वेळी पंतप्रधान कार्यालयाचं ट्विटर खातं `@PMOIndiaArchive` झालं. फॉलोअर जुन्या खात्याबरोबर गेले, `@PMOIndia` हे नाव मोकळं सुटलं. वाद झाला, पुढे तेच नाव नव्या सरकारकडे आलं.

सामान्यांना एवढं वजन नसतं. इन्स्टाग्रामवर नाव बदलल्यावर बहुतेक वेळा 14 दिवस जुन्या नावावर परतता येतं. नंतर ते दुसऱ्याने घेतलं, तर केवळ ‘आधी माझं होतं’ हे चालत नाही.

ट्रेडमार्क असेल तर गोष्ट वेगळी. समजा, जबलपूरच्या एखाद्या मिठाईवाल्याकडे नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल, तर नोंदणी क्रमांकासह तक्रार करता येते. मात्र नवा धारक त्याच नावाने मिठाई विकून ग्राहकांची दिशाभूल करतोय, हे स्क्रीनशॉटनिशी दाखवावं लागतं. तो नुसता समनामिक असेल, तर सभ्य विनंती करावी. पैसे मोजून नाव घेणं नियमबाह्य आहे.