एप्रिलच्या फोटोत आषाढ

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरचा एप्रिलमधल्या भर दुपारचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. डोक्यावरचं ऊन, डांबरी रस्त्यावर एका स्कूटरची काळीभोर, धारदार कडांची सावली, दुकानावर पुढे आलेला पत्रा आणि त्याखाली देवनागरी पाटी. आता या फोटोखाली एवढंच लिहायचं, 'इथे पाऊस पाडा'. काही सेकंदांत पाऊस पडतो. तिरप्या पांढऱ्या रेघा दिसतात, आकाश करडं होतं. पण चित्र खोटं वाटतं आणि ते का खोटं वाटतंय हे पटकन सांगता येत नाही.

कारण बहुधा स्कूटरखाली असतं. ती काळी सावली अजून तशीच असते. पावसाळी ढग आले की प्रकाश एका सूर्यापासून येत नाही, अख्ख्या आकाशातून येतो. त्यामुळे सावलीची कड उरत नाही. गाडीच्या अगदी पोटाखाली मऊसर अंधार तेवढा राहतो. माणसाच्या डोळ्याला हा नियम शब्दांत सांगता येत नसला, तरी तो मोडल्याचं मात्र कळतं.

शब्दांवरून फोटो बदलण्याची ही पद्धत सर्वांच्या नजरेत आणणाऱ्या कामांपैकी एक बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं. टिम ब्रुक्स, अलेक्झांडर होलिन्स्की आणि अलेक्सेई एफ्रोस यांनी २०२२च्या नोव्हेंबरमध्ये 'इन्स्ट्रक्टपिक्सटूपिक्स' नावाचं मॉडेल मांडलं. आधीचं चित्र, सूचना आणि नंतरचं चित्र अशी साडेचार लाखांहून जास्त उदाहरणं दाखवून ते शिकवलं होतं आणि ती उदाहरणंही संगणकानेच तयार केलेली होती. अशा मॉडेलला प्रकाशाचे नियम कुणी शिकवलेले नसतात. 'पाऊस' हा शब्द ज्या चित्रांसोबत येतो त्यांत रस्ते चकाकतात, एवढी सवय त्याला लागलेली असते. रस्ता का चकाकतो, हे ते जाणत नाही. म्हणून ते लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

डांबर ओलं झालं की आधी गडद होतं. खडबडीत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो. डांबराकडून परतणारा पुष्कळसा प्रकाश त्या थराच्या वरच्या बाजूला आतूनच आपटून पुन्हा खाली जातो आणि डांबरात मुरतो. डोळ्यापर्यंत कमी प्रकाश येतो. माती, विटा, सुती सदरा यांचंही असंच होतं. काचेचं किंवा रंगवलेल्या पत्र्याचं तसं होत नाही, कारण त्यात पाणी शिरायला जागाच नसते. स्कूटरचा लाल रंग भिजून काळपट झालेला दिसला, तर तिथे चूक आहे.

चकाकी ही त्यापुढची पायरी. साचलेलं पाणी सरळ खाली पाहिलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतं. नजर जितकी तिरपी, तितका तो आरसा पक्का होतो. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून ३ मीटरवरचं डबकं सुमारे ७ टक्के, तर १० मीटरवरचं जवळजवळ ४० टक्के प्रकाश परतवतं. म्हणून खऱ्या पावसाळी फोटोत पायाजवळचा रस्ता काळा असतो आणि लांबचा रस्ता उजळ. सगळा रस्ता पॉलिश केलेल्या फरशीसारखा सारखाच लखलखत असेल, तर तो पाऊस यंत्राने पाडलेला आहे असा संशय घ्यायला हरकत नाही. प्रतिबिंबही जागच्या जागी हवं. दुकानातल्या पिवळ्या दिव्याची ओली रेघ त्या दिव्याच्या बरोब्बर खाली उतरते. ती बाजूला सरकलेली किंवा फोटोत कुठेच नसलेल्या दिव्याची असेल, तर मॉडेलने सवयीने रंग फासलेला असतो.

हे सगळं एका वाक्यात मागण्यापेक्षा तीन वेळा मागणं जास्त फळतं. आधी फक्त ऊन घालवावं: 'आकाश ढगाळ करा, सगळ्या धारदार सावल्या काढा, गाड्या आणि पाट्या आहेत तशाच ठेवा.' ते नीट झालं की दुसरी सूचना: 'डांबरी रस्ता ओला आणि गडद करा, खोलगट जागी डबकी, दुकानांच्या दिव्यांची प्रतिबिंबं त्यांच्या सरळ खाली, पत्र्याखालची पायरी कोरडी.' ती कोरडी पायरी आवर्जून लिहावी लागते, कारण न सांगता मॉडेल छपराखालीही पाणी सांडतं. पावसाच्या रेघा सगळ्यात शेवटी. त्या आधीच पाडल्या तर खालच्या चुका त्यांच्या पडद्याआड दडतात.

रेघांचाही हिशेब आहे. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा साठावा भाग उघडा राहिला तर तो थेंब ११ सेंटिमीटर लांब रेघ ओढतो. हजारावा भाग उघडला तर रेघ उरते सहा-सात मिलिमीटरची. मूळ फोटोत चालणारी माणसं लख्ख थिजलेली असतील, तर पावसाच्या लांब दोऱ्या तिथे शोभत नाहीत. शिवाय रेघा दिसतात त्या काळोख्या दारांसमोर. उजळ आकाशावर त्या जवळपास विरून जातात.

धुक्याचं गणित वेगळं, ते अंतराचं आहे. २०० मीटरवरचं जेमतेम ओळखू येईल असं धुकं घेतलं, तर ५० मीटरवरच्या झाडाचा उठाव निम्म्याहून थोडा कमी होतो आणि १०० मीटरवरच्या झाडाचा जवळपास पाचवा हिस्सा उरतो. फसलेल्या चित्रात जवळच्या आणि लांबच्या गोष्टींवर सारखाच पांढरा पदर चढतो. 'धुकं घाला' एवढंच न लिहिता 'जवळचा खांब स्पष्ट, त्यामागचं घर फिकट, टेकडी नाहीशी' असं अंतराच्या क्रमाने लिहिलं की फरक पडतो.

बर्फाची चूक प्रकाशात सापडते. ताजा बर्फ अंगावर पडलेला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो, त्यामुळे माणसाची हनुवटी आणि छपराची खालची बाजू खालून उजळते. बर्फ घातला आणि चेहरे पूर्वीसारखेच वरून उजळलेले राहिले, तर माणसं कापून चिकटवल्यासारखी दिसतात.

आता मर्यादा. यांतली बरीच मॉडेलं फोटोवर थेट काम करत नाहीत, आधी त्याचं आकुंचित रूप करतात. 'स्टेबल डिफ्यूजन'च्या गाजलेल्या आवृत्त्यांत ८ बाय ८ ठिपक्यांचा चौकोन एकेका जागेत गोळा होतो आणि शेवटी तिथून फोटो पुन्हा उभा केला जातो. म्हणून ज्याला हात लावायचा नव्हता तेही थोडं बदलतं. लांबचा चेहरा दुसऱ्याच माणसाचा होतो. पाटीवरच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. उपाय जुनाच आहे. नवा फोटो मूळ फोटोवर ठेवून चेहरे आणि अक्षरं मूळ फोटोतून परत आणायची. आणताना मात्र त्यांचा उजेड ढगाळ करून घ्यावा लागतो, नाहीतर एप्रिलचं ऊन तेवढ्याच चौकोनात परत येतं.

पुस्तकाचं मुखपृष्ठ, नाटकाची जाहिरात किंवा चित्रपटाच्या दृश्याची पूर्वकल्पना यांसाठी हे हत्यार उत्तम आहे. बातमीच्या फोटोला मात्र ते लावू नये. जुलैत रस्ते तुंबल्याचा फोटो कुणी पाठवला, तर पुढे ढकलण्याआधी उभ्या गाड्यांच्या खाली पाहा. दिव्यांची प्रतिबिंबं सरळ खाली उतरतात का ते पाहा, मग दुकानांच्या पाट्या वाचून बघा. आणि स्वतः असा फोटो केला असेल, तर पाऊस नंतर घातला आहे हे फोटोखालच्या ओळीत लिहा.