विधवेची मुदत: चार महिने दहा दिवस की वर्ष?

कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, सूरा बकरामध्ये, २३४वी आयत विधवेला चार महिने दहा दिवस थांबायला सांगते. २४०वी आयत मात्र वर्षभराचा निर्वाह आणि घरातला निवारा देते. मग कोणती पाळायची?

बहुतेक भाष्यकार म्हणाले, २४०वी रद्द झाली. याला ‘नस्ख’ म्हणतात. गंमत म्हणजे रद्द करणारी आयत आधी छापलेली दिसते, कारण आयतींचा क्रम अवतरणाच्या काळानुसार लावलेला नाही.

मुजाहिद या सुरुवातीच्या भाष्यकाराचं एक मत वेगळं होतं. चार महिने दहा दिवस बंधनकारक, उरलेलं वर्ष हा विधवेचा हक्क. हवं तर राहावं, हवं तर जावं. २४०व्या आयतीतच तिने स्वतःहून घर सोडलं तर दोष नाही, असं आहे. हा अर्थ फार पटण्याजोगा आहे.

नस्ख कशाला म्हणायचं, हेच या वादाचं मूळ आहे. सुरुवातीचे विद्वान नियमाला जोडलेला अपवादही नस्खच मानत, त्यामुळे काहींच्या याद्या दोनशेच्या पुढे गेल्या. नंतरच्यांनी अट कडक केली: दोन आयतींचा मेळ बसतच नसेल, तरच नस्ख. त्यांच्यापैकी सुयूती या विद्वानाच्या यादीत सुमारे वीस आयती उरल्या. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी त्यांतल्या फक्त पाच ठेवल्या, आणि त्यांत ही २४०वी आहे.