गाडी बदलताना जाणारी मिनिटे

कात्रजहून कल्याणीनगरला सकाळी कामावर जायचे आहे. मोबाइलवर दोन्ही ठिकाणे टाकली की अ‍ॅप एकाखाली एक पर्याय मांडते. पहिला ६६ मिनिटांचा: कात्रजहून पुणे स्टेशनला जाणारी थेट बस, तिथून मेट्रोने कल्याणीनगर. दुसरा ६७ मिनिटांचा: बसने स्वारगेट, मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे मार्गिका बदलून कल्याणीनगर. पहिल्यात गाडी एकदाच बदलायची, वर एक मिनिट कमी. बहुतेक जण बोट पहिल्यावरच ठेवतील. मला दुसरा पर्याय अधिक भरवशाचा वाटतो. तो का, हे एकूण वेळेच्या मोठ्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी पर्याय उघडून दोन गाड्यांच्या मधली मिनिटे पाहावी लागतात. (मिनिटांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, वार, वेळ आणि वाहतूक यांप्रमाणे ते बदलतील.)

अ‍ॅपला ही मिनिटे कुठून मिळतात? बस आणि मेट्रो चालवणाऱ्या संस्था आपली वेळापत्रके एका ठरावीक साच्यात देतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांनी २००५ मध्ये हा साचा तयार केला. तो आज जीटीएफएस या नावाने जगभर वापरला जातो. प्रत्येक थांबा नकाशावर कुठे आहे आणि प्रत्येक फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता पोहोचते, एवढे त्यात असते. अ‍ॅप त्यावर पायी चालण्याचा हिशेब चढवते. बस ८ वाजून २८ मिनिटांनी स्वारगेटला पोहोचते, फलाटापर्यंत चालायला चार मिनिटे लागतात, म्हणून ८ वाजून ३२ मिनिटांनंतर सुटणारी पहिली मेट्रो तुमची. अशा जोड्या लावत लावत अ‍ॅप सगळ्यात लवकर पोहोचवणारी साखळी शोधते. गणित बिनचूक असते. पण त्यात बस वेळापत्रकाप्रमाणे आली आणि चालायला धरली तेवढीच मिनिटे लागली, असे गृहीत असते.

आधी चालण्याचे पाहू. सपाट रस्त्यावर माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, आणि अ‍ॅपही बहुधा तेवढाच वेग धरतात. पण गाडी बदलताना आपण सपाट रस्त्यावर क्वचितच चालतो. स्वारगेटला बसमधून उतरायचे, रहदारीतून वाट काढत मेट्रोच्या दारापर्यंत जायचे, जमिनीखाली उतरायचे, सामान तपासून घ्यायचे, तिकिटाचा क्यूआर दाखवून फाटकातून आत जायचे आणि मग फलाट. अंतर नकाशावर मोजले तर चार मिनिटांचेच भरते. सकाळच्या गर्दीत सात सहज लागतात.

जिल्हा न्यायालय स्थानकात फरक आणखी मोठा पडतो. पुणे मेट्रोच्या दोन्ही मार्गिका इथे एकमेकींना छेदतात. वनाझ–रामवाडी मार्गिका रस्त्याच्या वर, खांबांवर आहे. पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्गिका जमिनीखाली जवळजवळ ३३ मीटर खोल आहे. देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत याची गणना होते. वरून काढलेल्या नकाशावर हे दोन फलाट एकमेकांवर पडल्यासारखे दिसतात, अंतर जवळजवळ शून्य. प्रत्यक्षात काय होते ते मोजता येते. सरकत्या जिन्याचा उतार साधारणपणे ३० अंशांचा असतो, म्हणजे ३३ मीटर वर यायला ६६ मीटर लांबीचे जिने लागतात. जिना सेकंदाला अर्धा मीटर सरकतो असे धरले तर नुसते उभे राहूनच दोन मिनिटांच्या वर गेली. हे झाले जमिनीपर्यंत. त्यात एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्याकडे चालणे मिळवा, जिन्याच्या तोंडाशी होणारी गर्दी मिळवा, आणि जमिनीपासून उन्नत फलाटापर्यंतचा चढ मिळवा. पाच मिनिटांपेक्षा कमी धरू नये. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किंवा लिफ्टसाठी थांबणाऱ्याला त्याहून जास्त.

जीटीएफएसमध्ये याची सोय आहे. दोन फलाटांमध्ये किमान किती सेकंद लागतात हे लिहायला `min_transfer_time` नावाचा रकाना आहे, आणि जिने, लिफ्ट, फाटके यांची वेगळी नोंदही करता येते. मात्र हे रकाने भरणे ऐच्छिक आहे. ते कोरे राहिले की अ‍ॅप सरळ अंतरावरून अंदाज बांधते. आपल्या नेहमीच्या स्थानकापुरती याची तपासणी सोपी आहे. पर्याय उघडून गाडी बदलण्याच्या जागी किती मिनिटे चालणे दाखवले आहे ते पाहा. खोल किंवा उंच स्थानकात तिथे एक-दोन मिनिटेच दिसली, तर उंचीचा हिशेब झालेला नाही असे समजावे. एकदा स्वतः घड्याळ लावून चालून पाहिले की तो आकडा कायमचा आपला होतो.

चालण्यातली चूक दोन-तीन मिनिटांची असते. मोठा घोळ वाट पाहण्यात होतो.

एखादी बस दर १२ मिनिटांनी असेल तर थांब्यावर केव्हाही गेलात तरी सरासरी सहा मिनिटे थांबावे लागेल, असे वाटते. बस नेमाने आली तर ते खरेही आहे. पण वाहतूक कोंडीत पुढची बस अडते, तिच्यासाठी थांब्यांवर माणसे साठतात, चढ-उताराला जास्त वेळ जातो, ती आणखी मागे पडते आणि मागची रिकामी बस तिला येऊन गाठते. मग दोन बस पाठोपाठ येतात आणि नंतर बराच वेळ एकही नाही. समजा २४ मिनिटांत दोनच बस आल्या, पण मधली अंतरे १२ आणि १२ ऐवजी २ आणि २२ अशी पडली. तुम्ही या २४ मिनिटांत कधीही थांब्यावर पोहोचलात तर २२ मिनिटांच्या लांब खिंडीत सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त, कारण तीच मोठी आहे. हिशेब केला तर सरासरी थांबणे सहा नव्हे, दहा मिनिटांचे निघते. फेऱ्यांची संख्या तीच, कागदावरची वारंवारिता तीच, थांबणे मात्र दीडपटीहून जास्त.

आता पुन्हा ते दोन पर्याय घेऊ. पहिल्यात पुणे स्टेशनची थेट बस दर २० मिनिटांनी आहे असे धरा. अ‍ॅप तुम्हाला बस येण्याच्या दोन मिनिटे आधी थांब्यावर उभे करते, म्हणून थांबणे फक्त दोन मिनिटे दिसते. ती बस हुकली किंवा आलीच नाही, तर सरळ २० मिनिटे गेली. वर ३५ मिनिटांचा बसप्रवास सगळा गर्दीच्या रस्त्याने. नेहमीच्या दिवशी सरासरी दहा मिनिटे थांबणे आणि कोंडीची सात मिनिटे धरली की ६६ चे ८१ होतात. वाईट दिवशी बस पूर्ण २० मिनिटांनी आली, रस्त्यात १५ मिनिटे गेली आणि स्टेशनवर मेट्रोही डोळ्यांदेखत सुटली, तर १०० च्या पुढे.

दुसऱ्या पर्यायात सुरुवातीलाच एक फायदा आहे आणि तो अ‍ॅपमध्ये पटकन दिसत नाही. अ‍ॅप बहुधा एकाच बसचा क्रमांक दाखवते. कात्रजहून स्वारगेटला मात्र अनेक क्रमांकांच्या बस जातात आणि तुम्हाला त्यातली कोणतीही चालते. एक गेली तरी दुसरी मागून येते. पर्यायाच्या तपशिलात त्या टप्प्यावर आणखी कोणत्या बस चालतील हे उघडून पाहावे, किंवा थांब्यावर बोट ठेवून तिथून सुटणाऱ्या सगळ्या बसची यादी काढावी. बसचा प्रवासही २० मिनिटांचाच, म्हणून कोंडीचा तडाखा कमी. पुढे दोन मेट्रो. मेट्रो दर सात मिनिटांनी आहे असे धरले, तर एक हुकल्याचा दंड जास्तीत जास्त सात मिनिटे. स्वारगेट आणि जिल्हा न्यायालय इथे चालण्याची प्रत्येकी तीन मिनिटे वाढवली आणि थांबणे जरा जास्त धरले तरी नेहमीचा दिवस ७६ मिनिटांचा होतो. वाईट दिवस नव्वदच्या आत राहतो.

म्हणजे अ‍ॅपमध्ये एका मिनिटाने मागे असलेला पर्याय नेहमीच्या दिवशी पाच मिनिटांनी पुढे आहे, आणि वाईट दिवशी त्याहून बराच. गाडी दोनदा बदलावी लागत असूनही. किती वेळा बदलायची यापेक्षा, बदलल्यावर पुढची गाडी किती वेळाने मिळते याला वजन द्यायला हवे. गूगल मॅप्समध्ये ‘Fewer transfers’ हा पर्याय निवडला की नेमके हेच हातून सुटते. सामान जास्त असेल, लहान मूल बरोबर असेल तर तो पर्याय योग्यच आहे. रोजच्या कामाच्या प्रवासाला तो निवडण्याआधी एकदा दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

एक परिस्थिती अशी आहे की निकाल फिरतो. थेट बस आत्ता कुठे आहे हे कळले, तर तिची वाट घरातच पाहता येते. पीएमपीच्या ‘आपली पीएमपीएमएल’ अ‍ॅपवर बस नकाशावर दिसते. बस दोन थांबे अलीकडे दिसली, तुम्ही निघालात आणि ती मिळाली, तर थांबण्याची दहा मिनिटे वाचतात आणि पहिला पर्याय पुढे जातो. पण ही माहिती पहिल्या गाडीपुरतीच कामाची. पाऊण तासाने मिळणाऱ्या दुसऱ्या बसबद्दल ती आत्ता काही सांगू शकत नाही. म्हणून बेभरवशाचे वाहन प्रवासाच्या सुरुवातीला असलेले बरे, आणि वारंवार मिळणारे शेवटी.

यातूनच संध्याकाळचा प्रश्न उभा राहतो. सकाळचा मार्ग उलटा केला की क्रमही उलटतो: आधी नेमाने धावणारी मेट्रो आणि शेवटी बस. स्वारगेटहून कात्रजपर्यंत अडचण नाही, बस भरपूर आहेत. पण ज्याचे घर कात्रजच्या पुढे, अर्ध्या तासाने एक बस सुटणाऱ्या वस्तीत आहे, त्याचा सगळा प्रवास त्या शेवटच्या बसवर टांगलेला असतो. त्याने अ‍ॅपमध्ये ‘Depart at’ टाकून निघण्याची वेळ शोधण्याऐवजी आधी त्या बसची कात्रजहून सुटण्याची वेळ पाहावी. ‘Arrive by’ मध्ये कात्रज आणि त्या वेळेच्या दहा-बारा मिनिटे आधीची वेळ टाकावी, आणि कल्याणीनगरहून केव्हा निघायचे ते अ‍ॅपकडून काढून घ्यावे. जास्तीची मिनिटे कात्रजच्या थांब्यावर उभे राहून जातील. हुकली तर तिथेच अर्धा तास काढावा लागेल किंवा रिक्षा करावी लागेल, आणि ते भाडे कोणत्याही पर्यायाच्या खर्चात धरलेले नसते.