गुलाबी रंग दिसत नाही तेव्हा

गडद तपकिरी व्हिनेगरमध्ये अॅसिटिक आम्ल किती आहे, हे मोजायची शाळेतली रीत सोपी आहे. ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचं आणि फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग आला की थांबायचं. पण तपकिरी पाण्यात फिकट गुलाबी छटा ओळखणं कठीण. शिवाय भारतीय नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान 3.75 टक्के आम्ल असावं लागतं, म्हणजे आकडा काठावरचा असेल तर ‘गुलाबी वाटला’ एवढ्यावर निकाल देता येत नाही. अशा वेळी डोळ्यांऐवजी पीएच मीटरवर भिस्त ठेवतात. काचेच्या इलेक्ट्रोडवर तयार होणारा विद्युतदाब द्रावणाच्या सामूप्रमाणे बदलतो. 25 अंश सेल्सिअसला सामू एकने बदलला की दाब सुमारे 59 मिलिव्होल्टने बदलतो. हा दाब मोजत केलेलं अनुमापन म्हणजे पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन.

आता प्रश्न असा, की थांबायचं कुठे? बहुतेकांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं, सामू 7 झाला की. व्हिनेगरच्या बाबतीत ते चूक आहे. अॅसिटिक आम्ल दुर्बल आहे. ते पुरतं संपलं, म्हणजे समतुल्य बिंदू आला, की बीकरमध्ये उरतो सोडियम अॅसिटेट. अॅसिटेट पाण्याकडून थोडे हायड्रोजन आयन परत घेतं आणि द्रावण किंचित आम्लारीधर्मी होतं. पुढच्या उदाहरणात समतुल्य बिंदूला सामू 8.5 च्या आसपास येतो. हा आकडाही पक्का नाही. द्रावण किती पातळ केलं यावर तो सरकतो. म्हणून ठरावीक सामूवर थांबण्यापेक्षा आलेखाचा आकार पाहणं बरं.

उदाहरणाचे आकडे मी मुद्दाम गणिताने काढलेले आहेत, म्हणजे खरं उत्तर आधीच माहीत असेल आणि पद्धत कितपत जवळ जाते ते तपासता येईल. 10 मिली व्हिनेगर पाणी घालून 100 मिली केलं. त्यातलं 25 मिली पिपेटने बीकरमध्ये घेतलं आणि इलेक्ट्रोडचा फुगा नीट बुडावा म्हणून 50 मिली पाणी घातलं. पाणी उकळून गार केलेलं हवं, नाहीतर त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच आम्ल म्हणून मोजला जातो. ब्युरेटमध्ये 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. खरा समतुल्य बिंदू आपण 17.13 मिलीवर धरला आहे.

प्रत्यक्षात आधी एक कच्चं अनुमापन करतात, एकेक मिली टाकत. त्यातून उडी 17 मिलीच्या जवळपास आहे एवढं कळतं. मग दुसऱ्या खेपेला 16.5 पासून प्रत्येक वेळी 0.1 मिली टाकायचं आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहायचा. समतुल्य बिंदूजवळ मीटर स्थिर व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो. तिथे घाई केली की पुढचं सगळं गणित वाया जातं.

आपल्याला चारच नोंदी पुरतील. 17.0 मिलीला सामू 6.88, 17.1 ला 7.51, 17.2 ला 9.88 आणि 17.3 ला 10.27. सामू 7 वर थांबलो असतो तर साधारण 17.03 मिलीलाच थांबलो असतो, म्हणजे 0.1 मिली आधी.

सामूचा आलेख घाटातल्या रस्त्यासारखा धरा. पहिला डेरिव्हेटिव्ह सांगतो चढ किती तीव्र आहे, आणि दुसरा सांगतो तो चढ वाढतोय की कमी होतोय. चढ सर्वांत तीव्र जिथे, तिथे समतुल्य बिंदू. गणित नुसत्या वजाबाकीचं आणि भागाकाराचं. 17.0 ते 17.1 मध्ये सामू 0.63 ने वाढला, त्याला 0.1 ने भागलं की 6.3. पुढच्या टप्प्यात 23.7, त्यापुढच्यात 3.9. हे आकडे त्या टप्प्यांच्या मध्यावर, म्हणजे 17.05, 17.15 आणि 17.25 वर मांडायचे. इथे अनेकांची गफलत होते: ते टप्प्याच्या शेवटच्या आकडेमानावर बिंदू ठेवतात आणि सगळं शिखर 0.05 मिलीने पुढे सरकतं.

शिखर 17.15 वर दिसतं. पण टप्पाच 0.1 मिलीचा असल्यामुळे शिखर एखाद्या मध्यबिंदूवरच दिसणार. खरं ठिकाण 17.1 ते 17.2 च्या मध्ये कुठेही असू शकतं. इथे दुसरा डेरिव्हेटिव्ह कामाला येतो. 6.3 वरून 23.7 झाले, त्या फरकाला 0.1 ने भागलं की 17.1 वर अधिक 174. मग 23.7 वरून 3.9 झाले, म्हणजे 17.2 वर उणे 198. या दोन बिंदूंच्या मध्ये कुठेतरी शून्य आहे. दोन्ही बिंदू सरळ रेषेने जोडले तर ती 17.1 च्या पुढे 0.1 × 174 ÷ 372, म्हणजे 0.047 मिलीवर शून्याला छेदते. उत्तर 17.147 मिली.

खरं उत्तर 17.13 होतं. म्हणजे 0.017 मिलीची चूक राहिली, आणि शिखरावरून मिळालेल्या 17.15 पेक्षा दुसऱ्या डेरिव्हेटिव्हने इथे फार मोठी सुधारणा केली असं मी म्हणणार नाही. त्या दोन बिंदूंमधली खरी रेषा सरळ नाही, खूप वळलेली आहे, म्हणून एवढं अंतर उरतं. व्हिनेगरच्या टक्केवारीत मांडलं तर 4.11 ऐवजी 4.12 येतं. मानकाशी ताडून पाहायला एवढं पुरेसं आहे.

मग टप्पा आणखी लहान का करू नये? मीटरचा आकडा शेवटच्या घरात, 0.01 ने डळमळतो. मधली एक नोंद तेवढी चुकली, तर 0.1 मिलीच्या टप्प्यांत दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये 2 ची चूक येते. टप्पा 0.02 मिलीचा केला की ती 50 होते, कारण भागाकार टप्प्याच्या वर्गाने होतो. शिखराशी खऱ्या किमती इतक्या मोठ्या असतात की हे पचतं. पण 16.5 मिलीच्या आसपास खरी किंमत एकच्या जवळपास असते. तिथे चिन्ह कधी अधिक, कधी उणे होतं आणि खोटी शून्यं दिसू लागतात. शिवाय ब्युरेटचा एक थेंबच साधारण 0.05 मिलीचा असतो.

दुर्बल आम्लाचं एक खास शून्य तर अगदी खरं असतं, तरीही फसवं. आम्ल अर्धं उदासीन झालं, म्हणजे इथे 8.6 मिलीच्या आसपास, की सामू 4.76 ला येतो आणि चढ सर्वांत मंद होतो. चढ घटायचा थांबून वाढायला लागतो, म्हणून तिथेही दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्यातून जातो. फरक दिशेचा: तिथे तो उणेकडून अधिककडे जातो, समतुल्य बिंदूला अधिककडून उणेकडे. संगणकातल्या एखाद्या साध्या सूत्राला ‘पहिलं शून्य शोध’ असं सांगितलं तर ते बिनदिक्कत 8.6 देऊन मोकळं होईल आणि व्हिनेगर निम्म्या ताकदीचं ठरेल. म्हणून आधी पहिल्या डेरिव्हेटिव्हचं शिखर पाहायचं आणि शून्य फक्त त्याच्या दोन्ही बाजूंच्या नोंदींमध्येच शोधायचं.

या पद्धतीचा एक गुण मला फार आवडतो. मीटर सगळीकडे सारखंच 0.2 जास्त दाखवत असेल, तरी वजाबाकीत ते उडून जातं आणि शिखर जागचं हलत नाही. सामू 7 वर थांबणाऱ्याला मात्र तीच चूक भोवते.

आम्ल फारच दुर्बल असेल तर मात्र शिखरच उरत नाही. बोरिक आम्लाचं तसंच आहे: आलेख सगळीकडे सावकाश चढतो, पहिल्या डेरिव्हेटिव्हला बसका फुगवटा येतो आणि मीटरच्या डळमळीत तो हरवतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे द्रावणात मॅनिटॉल घालणं. ते बोरिक आम्लाशी जोडलं जाऊन त्याला बरंच बळकट आम्ल बनवतं. मग तोच आलेख पुन्हा काढला की शिखर स्पष्ट दिसतं.