चांदीला दोनने गुणायचं का? सेलच्या व्होल्टेजचं एक गणित

आजच्या भागात बारावीच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलं एकच गणित घेऊया. कागद-पेन घेतलंत? चला.

एका बीकरमध्ये कॉपर सल्फेटच्या द्रावणात तांब्याची पट्टी आहे, दुसऱ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदीची. मध्ये पोटॅशियम नायट्रेटचा सॉल्ट ब्रिज. पोटॅशियम क्लोराइड इथे चालत नाही, कारण क्लोराइड आणि चांदीचे आयन भेटले की पांढरा साका बसतो.

आता इलेक्ट्रोड पोटेन्शियल म्हणजे काय? आयनाची इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद, असं समजा. एकट्या इलेक्ट्रोडची ही ताकद मोजता येत नाही, म्हणून हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य मानून तुलना करतात. त्या मापाने चांदी +०.८० व्होल्ट आणि तांबं +०.३४ व्होल्ट. चांदीची ओढ जास्त, म्हणून चांदी कॅथोड आणि तांबं अ‍ॅनोड. इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडून चांदीकडे जातात.

Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag

E°cell = E°(कॅथोड) − E°(अ‍ॅनोड) = ०.८० − ०.३४ = ०.४६ व्होल्ट

इथे बरेच जण अडखळतात. समीकरणात चांदीचे दोन आयन दिसतात, म्हणून ०.८० ला दोनने गुणतात आणि उत्तर येतं १.२६. हे चूक आहे. व्होल्ट म्हणजे दर कूलॉम्ब चार्जमागे मिळणारी ऊर्जा. गच्चीवरच्या टाकीला एकाऐवजी दोन नळ लावले तर पाणी जास्त येईल, पण टाकीची उंची तेवढीच राहते ना? तसंच हे.

पटत नसेल तर तेच समीकरण अर्ध करून लिहा: ½Cu + Ag⁺. आता गुणाकाराच्या पद्धतीने ०.८० − ०.१७, म्हणजे ०.६३ येईल. सेल तोच, मग व्होल्टेज दोन कसे?

मग तो दोन जातो कुठे? एक तर ऊर्जेत:

ΔG° = −nFE° = −२ × ९६५०० × ०.४६ = −८८७८० ज्यूल, म्हणजे साधारण −८८.८ किलोज्यूल

आणि दुसरं, नर्न्स्टच्या समीकरणात. समजा तापमान २५ अंश सेल्सिअस, Cu²⁺ १ मोलर आणि Ag⁺ फक्त ०.१ मोलर आहे. चांदीच्या आयनाचा वर्ग घ्यायचा, म्हणून Q = १ ÷ ०.०१ = १००, आणि त्याचा लॉग २.

E = ०.४६ − (०.०५९२ ÷ २) × २ = ०.४६ − ०.०५९२ ≈ ०.४० व्होल्ट

चांदीचे आयन कमी झाले, म्हणून ओढही थोडी कमी झाली.

आता तुम्ही Ag⁺ ०.०१ मोलर घेऊन करून बघा. उत्तर ०.३४ च्या आसपास आलं, की तो दोन योग्य जागी बसला.