मुलाखतीची रंगीत तालीम

सरकारी बँकांतील प्रोबेशनरी ऑफिसर या पदासाठी आयबीपीएसमार्फत जी निवड होते, तिच्या अंतिम यादीत मुख्य लेखी परीक्षेला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के महत्त्व दिले जाते. मुलाखत १०० गुणांची असते. खुल्या गटातील उमेदवाराला त्यांपैकी किमान ४० गुण मिळवावेच लागतात. ते न मिळाल्यास लेखी परीक्षेतील सारी कमाई वाया जाते. व्यापारी घरांतील पुष्कळ मुले-मुली आता या परीक्षेला बसू लागली आहेत. ती दोन-दोन वर्षे हजारो प्रश्न सोडवतात. पण जेथे तोंडाने बोलायचे आहे त्या परीक्षेसाठी एकदाही मोठ्याने बोलून पाहत नाहीत. निवृत्तीनंतर गिरगाव, दादर, परळ या भागांतील काही मुलांच्या सराव मुलाखतींना मी बसत आलो आहे. उत्तर ठाऊक नाही म्हणून अडणारे उमेदवार मला थोडेच आढळले. उत्तर ठाऊक असूनही ज्यांच्या ओठांवर ते येत नाही, असेच अधिक.

असे का होते, हे समजून घेण्यास एका प्रयोगाची मदत होते. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली मनावरील ताण मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी त्यासाठी निवडला तो प्रसंग नोकरीच्या मुलाखतीचाच होता. परीक्षकांसमोर उभे राहून पाच मिनिटे आपली योग्यता सांगायची आणि नंतर पाच मिनिटे एका मोठ्या आकड्यातून तेरा-तेरा वजा करीत जायचे. परीक्षकांनी मान डोलवायची नाही, हसायचे नाही, चेहऱ्यावर काहीही दाखवायचे नाही. एवढ्याने भल्याभल्यांच्या शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक स्पष्टपणे वाढलेले आढळले. म्हणजे माणसाला घाबरवण्यासाठी रागावण्याची गरज नाही. समोरचा चेहरा निर्विकार असला तरी पुरते. पुढे त्याच लोकांना हाच प्रसंग पुन्हा पुन्हा अनुभवायला लावल्यावर बहुतेकांची ही वाढ कमी होत गेली. काहींची मात्र झाली नाही. सराव मुलाखतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही यात आली.

आता एका मुलीची हकीकत सांगतो. घर गिरगावात, वडिलांचे काळबादेवीजवळ स्टीलच्या भांड्यांचे दुकान. वय एकोणतीस. या परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला तीस वर्षांची असल्याने ही तिची अखेरची संधी होती. आदल्या वर्षी ती मुलाखतीपर्यंत पोहोचून मागे राहिली होती आणि घरात ‘आता पुरे, दुकान सांभाळ’ अशी भाषा सुरू झाली होती. तिची लालबागची एक मैत्रीण राज्यसेवेची तयारी करीत होती. मुलाखतीला तीन आठवडे उरले असताना दोघींनी तालमी सुरू केल्या आणि मला मंडळातला एक सभासद म्हणून बसवले. लालबागच्या त्या खोलीत दुपारी घरी कोणी नसे. टेबल मध्ये ओढून मी, मैत्रीण आणि तिचा मामेभाऊ असे तिघे पलीकडे बसत असू.

सराव वडिलांनीच का घेऊ नये, असे अनेक घरांत विचारले जाते. माझे मत विरुद्ध आहे. वडिलांच्या प्रश्नात दुकानाचा प्रश्न मिसळतो आणि दहाव्या मिनिटाला मुलाखतीचा वाद होतो. शिवाय आई-वडील फार लवकर विरघळतात. बरोबरीच्या मैत्रिणीला पंधरा मिनिटे परकेपणा पांघरणे जमते, पण तेही शिकावे लागते. पहिल्या दिवशी आमची मैत्रीण प्रत्येक उत्तरावर ‘हो, हो, छान’ म्हणत होती. अशा तालमीचा काहीच उपयोग नाही. मग नियम ठरले. बाहेर जाऊन दार वाजवून आत यायचे. एकमेकींना ‘तू’ म्हणायचे नाही. कपडे मुलाखतीला घालायचे तेच. घरी गुजराती, आमच्याशी मराठी असली तरी उत्तरे इंग्रजीतच, कारण मुलाखत तिला त्याच भाषेत द्यायची होती. मध्येच थांबून दुरुस्ती करायची नाही आणि उत्तर संपल्यावर मंडळाने पाच सेकंद गप्प राहायचे. त्या पाच सेकंदांतच उमेदवार घाबरून नको ते पुढे बोलू लागतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

पहिल्या खऱ्या तालमीत प्रश्न आला, ‘घरचा धंदा असताना आपण बँकेत का येऊ इच्छिता?’ व्यापारी घरातील उमेदवाराला हा प्रश्न जवळजवळ ठरलेलाच. मुलीचे हात गार पडले. बँकिंग क्षेत्राचे राष्ट्रीय महत्त्व वगैरे पाठ केलेला परिच्छेद तिने एका दमात म्हटला आणि शेवटच्या वाक्यात दम संपला. मोबाईलवरील ध्वनिमुद्रण ऐकल्यावर कळले की पहिल्या अर्ध्या मिनिटात ती शंभराहून अधिक शब्द बोलली होती. एवढ्या वेगात श्वास घ्यायला जागाच नव्हती.

येथे श्वासाचा अभ्यास उपयोगी पडला. खुर्चीवर ताठ बसून, पावले जमिनीला टेकवून नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्यायचा आणि सहा अंक मोजेपर्यंत सोडायचा. अंक साधारण एका सेकंदाचा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. सकाळी पाच मिनिटे, रात्री पाच मिनिटे. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडण्याचा वेळ लांबवायचा. प्रेक्षाध्यानातील दीर्घश्वास ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना यात नवखे काही वाटणार नाही. येथे चूक होते ती एकच. श्वास लांब म्हणजे मोठा, असे समजून छाती भरभरून हवा घेतली जाते. गरजेपेक्षा अधिक हवा आत-बाहेर झाली की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. आणि ही लक्षणे भीतीसारखीच असल्याने माणूस आणखी घाबरतो. मुंग्या आल्या की अभ्यास थांबवावा, नेहमीसारखा श्वास घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी कमी हवा घेऊन पुन्हा करावा. मुलीला तिसऱ्या दिवशी हाच अनुभव आला होता.

मुलाखतीच्या खोलीत अर्थातच डोळे मिटून अंक मोजता येत नाहीत. म्हणून श्वास प्रश्नाला जोडून टाकायचा. प्रश्न संपला की आधी सावकाश उच्छ्वास, मग साधा श्वास, मग पहिला शब्द. याला तीन-चार सेकंद लागतात. उमेदवाराला ती फार मोठी वाटतात. मंडळाला तो विचार करतो आहे असे दिसते. ही सवय प्रत्येक तालमीत प्रत्येक प्रश्नाला लावली तरच त्या दिवशी आपोआप होते. आदल्या रात्री शिकलेला श्वास ऐन वेळी आठवत नाही.

मात्र त्या मुलीचे उत्तर नुसत्या श्वासाने सुधारले नसते, कारण ते तिचे नव्हतेच. ध्वनिमुद्रण थांबवून मैत्रिणीने साधेच विचारले, ‘अगं, दुकानात तू नक्की करतेस काय?’ तेव्हा कळले की दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यासाठी दरमहा बँकेला द्यायचे स्टॉक स्टेटमेंट सहा वर्षे तीच तयार करीत होती. मी निवृत्त बँकवाला. माझे कान टवकारले. पुढच्या तालमीत मी विचारले, ‘माल २० लाखांचा आहे, पुरवठादारांची देणी ४ लाख. ड्रॉइंग पॉवर किती?’ उधारीची येणी बाजूला ठेवून ती हळूहळू बोलली: ‘पैसे चुकते झालेला माल १६ लाखांचा. २५ टक्के मार्जिन म्हणजे ४ लाख वजा. राहिले १२ लाख.’ मी चेहरा न हलवता विचारले, ‘आणि मंजूर मर्यादाच १० लाख असेल तर?’ तिने श्वास सोडला. ‘तर १० लाखच, सर. दोहोंतील कमी रक्कम.’ त्या उत्तरात घाई नव्हती. बँकेत का यायचे, याचे उत्तरही मग बदलले: ‘टेबलाच्या अलीकडच्या बाजूने हे काम मी केले आहे, आता पलीकडच्या बाजूने करायचे आहे.’

तीन आठवड्यांत अशा सहा तालमी झाल्या. प्रत्येक तालमीनंतर फक्त दोन सूचना द्यायच्या, असे बंधन आम्ही घालून घेतले होते. दहा दोष एकदम सांगितले की पुढच्या वेळी उमेदवाराचे लक्ष प्रश्नाकडे न राहता स्वतःच्या हातांकडे राहते. मैत्रिणीने एका वहीत तीनच रकाने ठेवले होते: प्रश्नानंतर किती सेकंद थांबली, पहिल्या अर्ध्या मिनिटात किती शब्द, आणि ‘मला याची खात्री नाही, सर’ असे किती वेळा शांतपणे म्हणाली. तिसरा रकाना मला विशेष आवडला. न येणाऱ्या प्रश्नावर अंदाज ठोकणे मंडळाला चटकन कळते. म्हणून प्रत्येक तालमीत निदान दोन प्रश्न तिला येणारच नाहीत असे घातले जात. सहाव्या तालमीत शब्दांचा आकडा सत्तरच्या आसपास आला. हात मात्र शेवटपर्यंत गारच होते. तालमीने भीती जात नाही. भीती असताना बोलता येते. शेवटचे दोन दिवस आम्ही एकही तालीम ठेवली नाही, कारण त्या वेळी सापडलेला दोष दुरुस्त होत नाही, नुसता टोचत राहतो.

याच काळात कोणीतरी तिला ‘हृदयाची धडधड थांबवणारी गोळी’ सुचवली. अशा गोळ्या असतात, पण दम्याच्या रुग्णाला त्या घातक ठरू शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या हाती घेऊ नयेत. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जेवण जात नाही, मुलाखतीच्या नावाने जो घराबाहेरच पडत नाही, त्याला मैत्रिणीची तालीम पुरणार नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर प्रथम बोलून पाहावे. घरची अब्रू वगैरे विचार त्या वेळी आड आणू नयेत.

मुलाखत चौघांच्या मंडळासमोर, सुमारे पंधरा मिनिटे झाली. घरच्या धंद्याचा प्रश्न आलाच. ड्रॉइंग पॉवरचा आला नाही. रेपो दराविषयीच्या एका प्रश्नाला तिने खात्री नसल्याचे सांगितले. निवड झाली आणि पहिली नेमणूक मुंबईबाहेर मिळाली. दुकानाचे स्टॉक स्टेटमेंट आता धाकटा भाऊ करतो, आणि देण्यांची रक्कम वजा करायला विसरला की रात्री तिचा फोन येतो.