संपादकासाठी व्यंगचित्रकाराची ओळख

दिवाळी अंकाची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. तेव्हा संपादकाला व्यंगचित्रकाराच्या परिचयात पुरस्कारांच्या यादीपेक्षा एकच गोष्ट हवी असते: हा माणूस माझ्या पानाला काय देईल?

म्हणून ‘माझी शैली मार्मिक आहे’ हे वाक्य निरुपयोगी (मार्मिक नाही असं कोण म्हणेल?). त्याऐवजी असं लिहावं: ‘काळ्या शाईची बारीक रेषा, मोकळी पार्श्वभूमी, बहुतेक चित्रं शब्दांविना.’ शि. द. फडणीसांच्या शब्दविरहित हास्यचित्रांमुळे मराठी संपादकाला यातून नेमकं काय मिळणार, ते लगेच कळतं. विषयही ठोस हवेत. ‘समाजजीवन’ नको, सोसायटीची सभा, लोकलमधली चौथी सीट, लग्नातला आहेर असं लिहावं. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ असाच ओळखीच्या प्रसंगांत उभा असे.

कामांबद्दल लिहिताना नकारही स्पष्ट हवा: पॉकेट कार्टून, मुखपृष्ठ, लेखासोबतची चित्रं घेतो, दुसऱ्याने सुचवलेला विनोद आणि पक्षाचा प्रचार घेत नाही. मुखपृष्ठाआधी कच्चं रेखाटन दाखवतो, बदल त्याच टप्प्यावर सांगावेत. हे आधी लिहिलं नाही, तर रंगवून झालेल्या चित्रात पात्रं बदलायची वेळ येते. सोबत तीन-चार चित्रं जोडावीत, त्यांत एक तरी रंगीत असावं.